मानेवरची चामखीळ, छातीवरचा लाल तीळ, पाठीवरचे वळ

त्वचारोगाच्या ओपीडीत काही प्रश्न नेहमी शेवटी येतात. खाजेचं किंवा केस गळण्याचं औषध लिहून झालेलं असतं, पेशंट खुर्चीवरून उठलेला असतो, आणि मग मान वाकवून किंवा शर्टाचं वरचं बटण काढून तो हळूच विचारतो, "डॉक्टर, हे काय असेल? काही वाईट तर नाही ना?" दाखवलेली गोष्ट बहुतेक वेळा तीनपैकी एक असते. मानेवर किंवा काखेत लोंबणारी मऊ चामखीळ, छातीपोटावर नव्यानं आलेला लालभडक तीळ, किंवा पोटावर, मांड्यांवर, पाठीवर उमटलेले पट्टे, म्हणजे स्ट्रेच मार्क्स. कॅन्सर हा शब्द तोंडातून बाहेर पडत नाही, पण विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर तोच असतो. अनेकांनी कित्येक महिने ही काळजी घरात कुणालाही न सांगता बाळगलेली असते.

तिन्हींचं उत्तर एकच आहे: नाही, हा कॅन्सर नाही, आणि पुढे त्याचा कॅन्सर होतही नाही. पण "काही नाही, जा घरी" एवढ्यावर पेशंटला वाटेला लावणं मला पटत नाही. खूण निरुपद्रवी असली तरी तिच्या आजूबाजूची त्वचा, ती केव्हा आली, कुठे आली आणि त्याआधी माणसानं काय लावलं किंवा खाल्लं, यात पुष्कळदा खरी माहिती दडलेली असते. शिवाय या खुणा घालवण्यासाठी घरी जे उपाय होतात त्यांनी होणारं नुकसान खुणेपेक्षा कितीतरी मोठं असतं.

एका बाईंचं उदाहरण सांगते. वय ४४, तालुक्याच्या गावी शिवणकाम करणाऱ्या. त्यांच्या मानेभोवती आणि दोन्ही काखांत मिळून वीसेक चामखिळी होत्या. बहुतेक ज्वारीच्या दाण्याहून लहान, एक-दोन मात्र देठ असलेल्या आणि हलवल्या की हलणाऱ्या. मंगळसूत्र त्यात अडकायचं, आणि मान घामेजली की चुरचुरायचं. शेजारणीनं सांगितलं, घोड्याच्या शेपटीचा केस बांध, आपोआप गळून पडेल. घोड्याचा केस कुठून आणणार, म्हणून बाईंनी शिवणयंत्रावरचा दोराच सगळ्यात मोठ्या चामखिळीच्या देठाला आवळून बांधला. तिसऱ्या दिवशी ती काळी पडली, भोवतालची कातडी लाल होऊन सुजली, पू दिसायला लागला आणि मान वळवणं अवघड झालं. काळा रंग पाहून त्या घाबरल्या होत्या. कुणीतरी सांगितलं होतं, की तीळ-चामखीळ काळी पडली म्हणजे विष पसरतं.

चामखिळीच्या आत काय असतं ते कळलं की हा सगळा प्रकार उलगडतो. वरून नेहमीच्या त्वचेचंच पातळ आवरण, आत सैलसर तंतू, थोडी चरबी आणि एक-दोन बारीक रक्तवाहिन्या, एवढंच. तिचं मूळ खोलवर गेलेलं नसतं. ती त्वचेच्या पृष्ठभागावरचा एक छोटा उंचवटा असते आणि देठातून येणाऱ्या रक्तावर जगते. देठाला पीळ बसला किंवा दोरा बांधला की रक्त थांबतं, चामखीळ काळी पडते आणि काही दिवसांनी गळते. कपड्याला घासून, झोपेत पीळ पडूनही हे आपोआप होऊ शकतं. म्हणजे घोड्याच्या केसाच्या जुन्या उपायामागचं तत्त्व खोटं नाही. अडचण अशी, की घरचा दोरा निर्जंतुक नसतो, गाठ पुरेशी घट्ट बसत नाही, रक्त अर्धवट चालू राहतं, आणि अर्धमेली चामखीळ घामट मानेवर चार दिवस लोंबत राहते. जंतूंना शिरायला तेवढी वाट पुरते.

बाईंचा दोरा कापून काढला, जखम स्वच्छ केली, जंतुनाशक मलम आणि काही दिवस गोळ्या दिल्या. आठवड्याभरात चामखीळ गळली आणि सूज ओसरली. त्यांच्या दृष्टीनं प्रश्न तिथे संपला होता.

माझं लक्ष मात्र चामखिळींपेक्षा मानेकडे होतं. मानेच्या मागच्या बाजूची त्वचा काळपट, जाडसर आणि हाताला मखमलीसारखी लागत होती. आडव्या घड्या ठळक दिसत होत्या. काखांतही तसंच. त्या म्हणाल्या, "तो मळ आहे हो. लिंबू चोळलं, पायाचा दगड घासला, जातच नाही." तो मळ नव्हताच, त्यामुळे घासून जाण्याचा प्रश्नच नव्हता. उलट घासल्यानं तो आणखी गडद झाला होता.

हा मखमली काळेपणा आणि चामखिळींचा घोळका एकत्र दिसला, की मनात पहिला विचार इन्सुलिनचा येतो. आपल्या पेशींनी रक्तातली साखर आत घ्यावी असा निरोप इन्सुलिन देतं. वजन, विशेषतः पोटाचा घेर वाढला, आणि घराण्यात मधुमेह असला, तर पेशी या निरोपाला पूर्वीइतकी दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं आणि काही वर्षं साखर काबूत ठेवतं. त्या काळात साखरेची तपासणी नॉर्मल किंवा जेमतेम वर आलेली असते, पण रक्तात इन्सुलिन मात्र भरपूर फिरत असतं. इन्सुलिन हे वाढीलाही चालना देणारं संप्रेरक आहे. ते त्वचेच्या पेशींवरही काम करतं; वरच्या थरातल्या पेशी वाढून त्वचा जाड आणि काळी दिसू लागते, आणि घड्यांच्या, घर्षणाच्या जागी चामखिळी उगवतात. मधुमेह तपासणीत पकडला जाण्याच्या कितीतरी आधी मान ही गोष्ट सांगत असते.

बाईंच्या आईला मधुमेह होता. कमरेचा घेर मोजला तर ९४ सेंटीमीटर भरला. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० ही मर्यादा धरतात. उपाशीपोटी साखर ११२ आली. १०० च्या आत असायला हवी, आणि १२६ किंवा त्याहून जास्त असेल तर मधुमेह म्हणतात. गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी ६.१ आली. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा पट्टा. त्या त्याच्या बरोब्बर मध्ये होत्या. त्यांना कसलाही त्रास होत नव्हता, आणि चामखिळीला दोरा बांधला नसता तर ही तपासणी एवढ्यात झालीही नसती.

फिजिशियनच्या सल्ल्यानं त्यांनी आहार बदलला. दिवसभर मशीनवर बसून होणाऱ्या चहाच्या फेऱ्या आणि त्याबरोबरची बिस्किटं बंद केली, संध्याकाळी चालायला लागल्या. वजन सहा किलोनं उतरलं. वर्षभरानं साखर नॉर्मलच्या जवळ आली होती, आणि मान बरीच उजळली होती, तीही कुठलंही क्रीम न लावता. चामखिळी मात्र होत्या तिथेच होत्या. हे आधी सांगून ठेवावं लागतं: काळेपणा कारण दूर झालं की हळूहळू ओसरतो, पण एकदा तयार झालेली चामखीळ साखर सुधारली म्हणून विरघळत नाही. फक्त नव्यांचं येणं कमी होतं.

इथे दुसऱ्या टोकाला जाण्याचंही कारण नाही. चामखिळी इतक्या सर्रास आढळतात, की जवळजवळ निम्म्या प्रौढ माणसांच्या अंगावर एखादी तरी सापडते. सडपातळ आजोबांच्या गळ्यावर एक-दोन असतील, गरोदरपणात काखेत दोन-चार आल्या असतील, तर त्यांनी लगेच मधुमेहाची धास्ती घेऊ नये. घोळका, काळी मान, वाढलेला घेर आणि घराण्यातला मधुमेह, यांतल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या की मात्र साखर तपासून घ्यावी.

उरलेल्या चामखिळी त्या बाईंना काढायच्या होत्या, कारण मंगळसूत्र अडकत होतं. ते कारण पुरेसं आहे. केवळ बरी दिसत नाही एवढंही कारण पुरतं. आधी तासभर बधिर करणारं क्रीम लावून ठेवतात. मग बारीक देठाची चामखीळ निर्जंतुक कात्रीनं देठातून कापतात, किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीच्या सुईनं जाळतात. रक्ताचा एखादा थेंब येतो. आठ-दहा दिवसांत खपली पडते. द्रव नायट्रोजननं गोठवण्याचाही मार्ग आहे, पण त्याचं तापमान उणे १९६ अंश असतं आणि त्वचेला रंग देणाऱ्या पेशी थंडीनं फार लवकर मरतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर त्यानं पांढरा डाग राहू शकतो, म्हणून मानेवर मी तो टाळते. काढलेली चामखीळ त्याच जागी सहसा परत येत नाही. शेजारी नवी येऊ शकते, आणि लोक समजतात की "कापल्यानं पसरली". तसं नाही, तिचं बी रक्ताबरोबर कुठे सांडत नाही.

चुना आणि पापडखार एकत्र करून लावणं, उदबत्तीनं चटका देणं, बाजारात मिळणारं ॲसिडचं द्रावण काडीनं टेकवणं, हे सगळं मी पाहिलेलं आहे. चामखीळ जळते हे खरं, पण तिच्याबरोबर भोवतालची त्वचा खोलवर जळते. छाती, खांदे आणि कानाची पाळी या भागांत भाजल्याचा व्रण वाढत जाऊन कीलॉइड, म्हणजे जाड, लाल, खाजणारी गाठ होण्याचा धोका असतो, आणि ती गाठ वर्षानुवर्षं त्रास देते. पापणीवरच्या चामखिळीला तर घरी हातच लावू नये.

आणखी एक घोटाळा सोडवला पाहिजे. हाताच्या बोटांवर, पायाच्या तळव्यावर, गुडघ्यावर येणारी खरखरीत, फुलकोबीसारख्या पृष्ठभागाची चामखीळ वेगळी. ती विषाणूनं होते, संसर्गानं पसरते आणि तिचे उपचारही वेगळे. मानेवरची मऊ, गुळगुळीत, देठाची चामखीळ एकाची दुसऱ्याला लागत नाही. मऊ गाठी लहानपणापासून अंगभर असतील, त्या बोटानं दाबल्यावर आत जातात असं वाटत असेल आणि जोडीला दुधाच्या चहाच्या रंगाचे मोठे डाग असतील, तर तो न्यूरोफायब्रोमाचा आनुवंशिक विकार असू शकतो. तिथे तपासणी हवीच. चामखीळ समजलेली गोष्ट कडक असेल, झपाट्यानं वाढत असेल, तिच्यात दोन-तीन रंग असतील किंवा ती न दुखावता रक्त येत असेल, तर ती काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवतात.

आता लाल तीळ. तिशीनंतर छातीवर, पोटावर, पाठीवर टाचणीच्या डोक्यापासून मसुराच्या दाण्याएवढे लालभडक ठिपके यायला लागतात. वय वाढतं तशी त्यांची संख्या वाढते आणि पंचाहत्तरीच्या पुढे बहुतेकांच्या अंगावर ते असतात. "रक्त बिघडलंय", "उष्णता आहे", "लिव्हर खराब झालंय" ही त्यांची आपल्याकडची स्पष्टीकरणं. त्यांना एकेकाळी याहून गंभीर संशयाला तोंड द्यावं लागलं. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमधले सर्जन कॅम्पबेल डी मॉर्गन यांना कॅन्सरच्या रुग्णांच्या अंगावर हे ठिपके वारंवार दिसले. १८७२ मध्ये कॅन्सरच्या उगमावर लिहिताना त्यांनी या ठिपक्यांचा कॅन्सरशी संबंध जोडला. पुढे निरोगी माणसांची अंगं तशाच बारकाईनं पाहिली गेली, तेव्हा लक्षात आलं की ठिपके त्यांच्याही अंगावर तितकेच आहेत. कॅन्सर आणि लाल तीळ दोन्ही वयाबरोबर वाढतात, म्हणून ते एकत्र दिसत होते. संबंध खोटा ठरला, पण त्या सर्जनचं नाव ठिपक्यांना कायमचं चिकटलं. वैद्यकाच्या पुस्तकांत ते आजही त्या नावानं सापडतात.

लाल तिळात त्वचेच्या अगदी वरच्या भागातल्या केशवाहिन्या वाढून, फुगून एका जागी गोळा झालेल्या असतात. त्वचेतून दिसणारा लाल रंग त्यांच्यातल्या रक्ताचा. डर्मोस्कोप या भिंगातून पाहिलं की लाल रंगाच्या गोलसर कप्प्यांची दाटी स्पष्ट दिसते आणि निदान तिथेच होतं. सावळ्या त्वचेवर हे ठिपके जांभळट किंवा काळपटही दिसतात. त्यांतल्या एखाद्यात रक्त गोठलं तर तो रातोरात काळा पडतो, आणि त्या दिवशी माणूस धावत डॉक्टरकडे येतो. यायलाच हवं, डोळ्यांनी नुसतं पाहून गोठलेला लाल तीळ आणि काळ्या तिळाचा कॅन्सर यांतला फरक सांगणं घरच्या माणसाला जमणार नाही. भिंगातून तो बहुतेक वेळा लगेच कळतो, आणि तरीही शंका राहिली तर तुकडा काढून तपासता येतो.

नखानं खरवडल्यावर किंवा दाढी करताना लाल तिळातून रक्त येतं आणि त्याच्या आकारामानानं ते बरंच वाटतं. स्वच्छ कपड्यानं दहा मिनिटं सलग दाबून धरायचं. मध्ये मध्ये उचलून पाहिलं की तयार होत असलेली गुठळी निघते आणि रक्त पुन्हा सुरू होतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आणखी थोडा वेळ धरावं लागतं.

लाल तिळाच्या बाबतीत खरी जोखीम असते ती दुसरी लाल गोष्ट लाल तीळ समजून सोडून देण्याची. पावसाळ्यात ताप आलेला असताना किंवा ताप उतरल्यावर पायांवर, पोटावर एकदम पुष्कळ बारीक, सपाट लाल ठिपके आले आणि काचेच्या पेल्यानं दाबूनही पुसट झाले नाहीत, तर ते त्वचेत झिरपलेलं रक्त आहे. डेंग्यूमध्ये प्लेटलेट कमी झाल्या की असे ठिपके दिसतात. त्या दिवशीच दवाखाना गाठायचा. लाल तीळ वर्षांच्या हिशेबानं एकेक करत येतो, बोटाला किंचित उंच लागतो आणि तापाशी त्याचा काही संबंध नसतो. यकृताच्या आजारात दिसणारी खूण वेगळी असते: मधोमध लाल ठिपका आणि त्यातून कोळ्याच्या पायांसारख्या चहूकडे गेलेल्या बारीक रेषा. मधला ठिपका दाबला की सगळे पाय नाहीसे होतात, सोडला की मधूनच परत भरतात. अशा एक-दोन खुणा निरोगी माणसांत आणि गरोदरपणातही असतात; पण दारूचं व्यसन किंवा कावीळ असलेल्या माणसाच्या छातीवर त्या बऱ्याच दिसल्या तर यकृताची तपासणी हवी. आणि बोटावर किंवा ओठावर चार-सहा आठवड्यांत भराभर वाढलेली, धक्का लागला की रक्त वाहणारी लाल गाठ ही लाल तीळ नसते. ती काढावीच लागते.

खऱ्या लाल तिळाला उपचार लागत नाही. हवाच असेल तर सुईनं जाळणं किंवा लेझर हे दोन मार्ग आहेत. दोन्हींनंतर आपल्या त्वचेवर काही महिने तपकिरी डाग राहू शकतो, हे ठरवण्याआधी माहीत असावं.

स्ट्रेच मार्क्सची गोष्ट या दोन्हींपेक्षा वेगळी, कारण तिथे काळजीबरोबर लाजही असते आणि कधी कधी आरोपही. दहावीतल्या एका मुलाच्या पाठीवर कमरेच्या वर सहा-सात आडव्या, जांभळट रेषा होत्या, अगदी पट्ट्यानं मारल्याच्या वळांसारख्या. शाळेत कबड्डीच्या सरावाला शर्ट काढल्यावर शिक्षकांनी त्या पाहिल्या आणि काळजीनं घरी विचारणा केली. आई-वडील हादरून त्याला घेऊन आले. शिक्षकांनी विचारलं ते योग्यच केलं. पण माराचे वळ काही दिवसांत रंग बदलत जातात आणि नाहीसे होतात. या रेषा महिनाभर तशाच होत्या, एकमेकींना समांतर होत्या आणि त्यांच्यावरून बोट फिरवलं की किंचित खोलगट लागत होत्या. मुलाची उंची वर्षभरात चांगलीच वाढली होती. पाठीचा कणा लांबतो तेव्हा त्वचेला उभा ताण बसतो, म्हणून रेषा आडव्या पडतात. वयात येताना मुलांच्या पाठीवर आणि गुडघ्यांवर, मुलींच्या मांड्यांवर, नितंबांवर, स्तनांवर त्या दिसणं ही वाढीचीच एक बाजू आहे.

नुसत्या ताणानं मात्र हे होत नाही. त्वचेच्या आतल्या थराला कोलॅजन आणि इलॅस्टिन या तंतूंची घट्ट वीण असते. ताणाबरोबर संप्रेरकांमुळे ही वीण कमजोर झाली तरच ती आतून तुटते, वरचा थर शाबूत राहतो आणि खालच्या फटीतून रक्तवाहिन्या दिसतात. म्हणून नवी रेषा लाल-जांभळी, कधी तपकिरी असते. वर्ष-दीड वर्षात तिथे व्रणाची ऊती भरते, रक्तवाहिन्या कमी होतात आणि रेषा पांढरट होते. ती नाहीशी होत नाही, पण नजरेत कमी भरते. गरोदरपणात सहाव्या-सातव्या महिन्यापासून पोटावर रेषा येतात. येणार की नाही, हे बऱ्याच अंशी आईच्या पोटावर होत्या का, वय किती लहान आहे आणि वजन किती वाढलं, यावर ठरतं. बाजारातल्या महागड्या तेलांवर ते ठरत नाही. २०१२ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात अशा क्रीम-तेलांच्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा कुठल्याही क्रीमनं रेषा टळतात असा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. खोबरेल तेलानं पोटाची खाज आणि कोरडेपणा कमी होतो, आणि तेवढ्यासाठी ते लावायला काहीच हरकत नाही. पण रेषा आल्या म्हणून "नीट तेल लावलं नाहीस" असा दोष सुनेला देणाऱ्या घरांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की तेलाचा यात काही संबंध नाही.

जी रेषा पाहून मी खरोखर अस्वस्थ होते ती वेगळ्या जागी असते. एक तरुण ट्रकचालक जांघेतल्या गजकर्णासाठी आला. दिवसाचे बारा-चौदा तास सीटवर बसून, घामानं खाज सुटलेली. मेडिकलमधून कुणाच्या चिठ्ठीशिवाय एक ट्यूब आणली, आठवड्यात आराम पडला, बंद केली की पुन्हा उठलं, पुन्हा लावली. असं चार महिने चाललं. गजकर्ण मांडीपर्यंत पसरलं होतं आणि दोन्ही जांघांत बोटाएवढे रुंद, जांभळे, खोल पट्टे उमटले होते. एका ठिकाणी कातडी इतकी पातळ झाली होती, की चालताना फाटून जखम झाली होती. ट्यूबवर क्लोबेटासोलचं नाव होतं. हे सगळ्यात तीव्र स्टेरॉइडपैकी एक, आणि सोबत बुरशीचं व जंतूंचं औषध एकत्र केलेलं. स्टेरॉइड खाज आणि लाली दाबतं, म्हणून बरं वाटतं. बुरशी मात्र आत वाढत राहते. तेच स्टेरॉइड कोलॅजन तयार करणाऱ्या पेशींना थोपवतं. जांघ आणि काख इथली त्वचा आधीच पातळ, ओलसर, घडीत झाकलेली. औषध तिथे कितीतरी जास्त शोषलं जातं. काही आठवड्यांतही पट्टे पडू शकतात, आणि वाढीच्या वयातल्या रेषांसारखे ते फिके होऊन विसरले जात नाहीत.

२०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी अनेक स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, आणि त्वचारोगतज्ज्ञांची संघटना आयएडीव्हीएल त्यासाठी बरीच वर्षं झगडत होती. तरीही ट्यूब सहज मिळते. म्हणून ट्यूब विकत घेण्याआधी तिच्यावरची बारीक अक्षरं वाचावीत. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही लिहिलेलं असेल, तर गजकर्णावर, चेहऱ्यावर किंवा जांघेत ती स्वतःच्या मनानं लावू नये. ट्रकचालकाची ट्यूब बंद केली, बुरशीसाठी पोटातून गोळ्या सुरू केल्या. ट्यूब सोडल्यावर पहिले काही दिवस खाज आणि लाली उसळून येते, हे त्याला आधीच सांगितलं होतं. नाहीतर माणूस घाबरून पुन्हा तीच ट्यूब लावतो. दोन महिन्यांत गजकर्ण गेलं. पट्टे राहिले.

स्टेरॉइड पोटातूनही जातं. सांधेदुखीवरच्या, दम्यावरच्या किंवा वजन वाढवण्याच्या बेनामी पुड्या आणि गोळ्यांत ते मिसळलेलं आढळतं. अशा माणसाच्या पोटावर, काखेजवळ एक सेंटीमीटरहून रुंद जांभळे पट्टे येतात. चेहरा गोल होतो, हातपाय बारीक होतात, किरकोळ धक्क्यानं काळंनिळं पडतं, खुर्चीवरून उठायला हाताचा आधार घ्यावा लागतो, रक्तदाब आणि साखर चढते. शरीरातच कॉर्टिसोल जास्त तयार होत असेल तरी हेच चित्र दिसतं. अशी गोळी एकदम बंद करणं धोक्याचं असतं, कारण शरीर स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं विसरलेलं असतं. उरलेली पुडी सोबत घेऊन फिजिशियनकडे जायचं आणि मात्रा त्यांच्या देखरेखीखाली उतरवायची.

साध्या स्ट्रेच मार्क्सवर उपचार करायचाच असेल तर तो रेषा लाल-जांभळ्या असतानाच. त्या टप्प्यावर ट्रेटिनॉइन क्रीमनं काहींना फरक पडतो, पण गरोदरपणात ते चालत नाही. पांढऱ्या झालेल्या रेषांवर सुयांचं मायक्रोनीडलिंग किंवा फ्रॅक्शनल लेझरच्या बऱ्याच बैठका लागतात. रेषा थोड्या अरुंद आणि उथळ होतात, पुसल्या जात नाहीत, आणि सावळ्या त्वचेवर लेझरनं काळे डाग पडण्याची शक्यता असते. दहावीतल्या त्या मुलाला मी यातलं काहीच दिलं नाही. त्याच्या शाळेसाठी दोन ओळींचं पत्र लिहून दिलं, की या रेषा वाढीच्या आहेत, माराच्या नाहीत, आणि त्याला खेळायला कसलीही मनाई नाही.